मेधाची मेघा होते तेव्हा

'मेधा' आणि 'मेघा' ही मराठी घरांत सर्रास आढळणारी दोन वेगळी नावं. कागदावर त्यांच्यातला फरक एका इवल्याशा फटीचा असतो. 'ध'च्या डाव्या खांद्यावर शिरोरेषा पोचत नाही, तिथे एक बारीक वळण मोकळं राहतं. 'घ'वर मात्र शिरोरेषा सलग जाते. मनगटावर सहा मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत 'मेधा' गोंदवून घेतलं, तर ही फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची भरते. टॅटू नवा असताना ती स्वच्छ दिसते. दहा-बारा वर्षांनी ती बुजलेली असू शकते, आणि मग आईचं नाव हातावर मिरवणाऱ्या मुलीला भेटेल तो विचारू लागतो, "ही मेघा कोण?"

देवनागरीत अशा जोड्या बऱ्याच आहेत. 'भ'च्या डोक्यावरची फट मिटली की तो 'म'कडे झुकतो. 'विभा'चा 'विमा' व्हायला वेळ लागत नाही. 'थ'चं वळण भरलं की 'नाथ'चा 'नाय' होतो. दुसऱ्या गटातल्या अक्षरांची भानगड पोटातल्या रेघेची. 'ब' म्हणजे पोटात तिरपी रेघ असलेला 'व', 'ष' म्हणजे पोटात तिरपी रेघ असलेला 'प'. पोट काळं झालं की रेघ होती की नव्हती हे कळायला मार्ग उरत नाही. 'बाबा' आणि 'आई' हे टॅटू स्टुडिओत सर्वांत जास्त मागितले जाणारे शब्द असावेत. त्यातल्या 'आई'चं बरं चालतं, कारण त्या दोन अक्षरांत चटकन बुजेल असं फारसं काही नाही. 'बाबा' मात्र लहान काढले तर काही वर्षांनी 'वावा' वाचले जाण्याची भीती असते.

टॅटू काढून घेणारा माणूस रेघांकडे बघतो: किती नाजूक, किती काळ्या, किती सफाईदार. अनुभवी कारागीर रेघांमधल्या कोऱ्या जागेकडे बघतो. शाई कातडीत जागच्या जागी गोठून राहत नाही, ती पसरते, आणि पसरायला तिला दुसरी कुठली जागा नसते.

ती का पसरते, हे समजायला कातडीच्या आत थोडं डोकवावं लागतं. कातडीचा सर्वांत वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, शरीराच्या बहुतेक भागांवर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यातल्या पेशी साधारण महिन्याभरात झडून नव्या येतात. शाई तिथेच राहिली तर टॅटूही महिन्याभरात झडून जाईल. म्हणून सुई त्याच्या खाली, अंतस्त्वचेत उतरवतात. एक ते दोन मिलिमीटर खोल. मशीनवरची सुई सेकंदाला कित्येक डझन वेळा वरखाली होते आणि प्रत्येक टोच्याबरोबर शाईचे कण त्या थरात सोडते. शरीराच्या दृष्टीने ही जखम आहे आणि कण हे उपरे आहेत. त्यांचा समाचार घ्यायला मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावून येतात आणि कण गिळतात. पण काळ्या शाईतला कार्बन त्यांना पचत नाही. कण पोटात घेऊन त्या तिथेच बसून राहतात. आपण ज्याला टॅटू म्हणतो तो बव्हंशी अशा पोट भरलेल्या पेशींचा थवा आहे.

या पेशी काही माणसाइतकं जगत नाहीत. मग त्या मेल्यावर टॅटू का पुसला जात नाही? फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ साली उंदरांच्या शेपटीवर हिरवा टॅटू काढून हे तपासलं. त्यांनी शाई धरून बसलेल्या पेशी मुद्दाम मारल्या. टॅटू होता तसाच दिसत राहिला. मेलेल्या पेशींतून सुटलेले कण आसपास नव्याने आलेल्या पेशींनी पुन्हा गिळले होते. म्हणजे शाई कायमची एका जागी खिळलेली नसते. ती एका पेशीकडून दुसरीकडे सोपवली जाते. काही बारीक कण या धामधुमीत निसटतात आणि लसीका ग्रंथींपर्यंत पोचतात. युरोपातल्या संशोधकांनी मानवी लसीका ग्रंथींमध्ये टॅटूच्या शाईचे कण सापडल्याचं २०१७ मध्ये दाखवलं आहे. इतकी हालचाल चालू असताना रेघेची कड वर्षानुवर्षं धारदार राहावी अशी अपेक्षा ठेवणं जरा जास्तच आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले इयन एम्स हे मुळात द्रवांच्या प्रवाहाचे अभ्यासक. त्यांनी २०११ मध्ये शाईच्या कणांच्या या सरकण्याचं गणित मांडलं. बारकावे आधी जातात, जाड रेघांचं नुकसान त्या मानाने कमी होतं, आणि अतिशय नाजूक कामाची स्पष्टता पंधराएक वर्षांत ओसरू शकते, असा त्याचा निष्कर्ष. वय, कातडीचा पोत, ऊन, शाईचा प्रकार यांवर तो काळ मागेपुढे होतो. कारागिरांना यात नवीन काही नव्हतं. जुनी गिऱ्हाइकं वर्षांनी परत येतात तेव्हा ते हेच बघत आलेले असतात.

आता 'मेधा'चाच हिशोब करून पाहू. अक्षराची उंची शिरोरेषेपासून तळापर्यंत सहा मिलिमीटर, रेघ ०.४ मिलिमीटर जाडीची, आणि 'ध'च्या खांद्यावरची फट ०.६ मिलिमीटर. काही वर्षांत रेघ पसरून दुप्पट, म्हणजे ०.८ मिलिमीटर झाली असं धरू. प्रत्येक कातडीचा वेग वेगळा असतो, त्यामुळे हा आकडा केवळ हिशोबापुरता. रेघ दोन्ही अंगांनी ०.२ मिलिमीटरने सरकली. फटीच्या दोन्ही बाजूंना रेघा आहेत, म्हणून फट दोन्हीकडून खाल्ली गेली आणि ०.२ मिलिमीटर उरली. तीही कोरी नसते, करडी असते. हातभर अंतरावरून तिथे डोळ्याला सलग रेघच दिसते.

हेच नाव दुप्पट उंचीचं काढलं तर? बारा मिलिमीटरच्या अक्षरात रेघ थोडी जाड, ०.५ मिलिमीटरची ठेवली, तर फट दीड मिलिमीटरची मिळते. ही रेघही दुप्पट झाली तरी फटीतून अर्धा मिलिमीटर जातो आणि पूर्ण एक उरतो. अक्षर दुप्पट केल्याने म्हातारपणी उरणारी फट पाचपट झाली. शाईला अक्षराचा आकार कळत नाही. लहान अक्षरात ती जवळजवळ तेवढीच सरकते जेवढी मोठ्यात. म्हणून 'थोडं मोठं घ्या' असं आर्टिस्ट म्हणतो तेव्हा तो बिल वाढवतोय असा संशय दर वेळी घ्यायचं कारण नाही.

या पसरण्यात आणि चुकीच्या कामात फरक करता आला पाहिजे. सुई गरजेपेक्षा खोल गेली तर शाई अंतस्त्वचेखालच्या चरबीच्या सैल थरात पोचते आणि तिथे तिला अडवणारं काही नसतं. रेघेभोवती निळसर सावली उमटते, खरचटून काळंनिळं झाल्यासारखी. टॅटूवाले याला 'ब्लोआउट' म्हणतात. तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत दिसतो, आणि सहसा शब्दाच्या एखाद्याच भागात असतो: जिथे हात दाबला गेला, जिथे कातडी नीट ताणलेली नव्हती, किंवा जिथे ती मुळातच पातळ आहे, तिथे. मनगटाची आतली बाजू, दंडाची आतली बाजू, घोटा आणि कानामागची जागा यासाठी कुप्रसिद्ध आहेत. वयाचं पसरणं मात्र सगळ्या शब्दावर सारखं येतं, वर्षांच्या हिशोबाने येतं आणि त्याची कड मऊ, धुरकट असते. महिन्यात बिघडलं तर दोष हाताचा. दहा वर्षांनी बिघडलं तर बहुतेक वेळा दोष आराखड्याचा.

बारीक रेघेची दुसरीही एक अडचण आहे आणि ती पहिल्याच्या उलट दिशेने येते. सध्या 'फाइन लाइन'ची चलती आहे. एकाच सुईने, कधी पाव मिलिमीटर जाडीच्या, काढलेली ही कामं मोबाइलच्या पडद्यावर फार देखणी दिसतात. या शैलीचं मूळ लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांत आणि तुरुंगांत आहे. १९७५ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये उघडलेल्या 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड'ने ती दुकानात आणली. पण तिथल्या कारागिरांनी नावं काढली ती पोटावर, पाठीवर, भली मोठी. आज तीच बारीक सुई बोटाच्या कडेवर आठ अक्षरं काढायला वापरली जाते. बारीक रेघेत शाईच थोडी बसते. सुई जरा वर राहिली तर ती कातडीबरोबर झडते आणि रेघ मधूनमधून तुटते. जरा खाली गेली तर पसरते. दोन्हींच्या मधली पट्टी इतकी अरुंद आहे की एकाच नावात काही अक्षरं पुसट आणि काही फुगलेली, असं सर्रास दिसतं. बोटांवर तर काम आणखी अवघड: तिथली कातडी सतत घासली जाते, सतत धुतली जाते, आणि तळव्याकडे वळताना जाड होत जाते.

गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर आणखी एक गोष्ट होते. मेलॅनिन हे रंगद्रव्य बाह्यत्वचेत, म्हणजे शाईच्या वर असतं. आपण टॅटू नेहमी त्या रंगीत पडद्यातून बघतो. गोऱ्या कातडीवरच्या छायाचित्रात जी करडी केसाएवढी रेघ उठून दिसते, ती इथे पहिल्या वर्षातच विरल्यासारखी वाटते. परदेशी नमुना दाखवून 'हुबेहूब असंच' मागणाऱ्यांना हे आधी सांगणारे आर्टिस्ट आहेत; सगळे सांगतात असं नाही.

महाराष्ट्रात अक्षरांचा सर्वांत कठीण टॅटू कुठला, तर राजमुद्रा. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा, तिच्यातल्या संस्कृत श्लोकासह, दंडावर किंवा हातावर काढून घेणारे तरुण गावोगावी भेटतात. श्लोक अनुष्टुभ छंदातला, आठ अक्षरांचे चार चरण, म्हणजे बत्तीस अक्षरं. त्यांत जोडाक्षरं आणि रफार खच्चून भरलेले. ही मुद्रा हातावर पाच सेंटिमीटरच्या अष्टकोनात बसवायची म्हटली तर काय होतं ते मोजून बघण्यासारखं आहे.

दुहेरी चौकट आणि तिच्या आतली मोकळी पट्टी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा सेंटिमीटर खाते. उरले चार सेंटिमीटर. मजकूर सहा ओळींत बसवला तर एका ओळीच्या वाट्याला साडेसहा मिलिमीटर येतात. आडवी जागा तशी बरी आहे, ओळीत पाच-सहाच अक्षरं आहेत. अडचण उभ्या जागेची. देवनागरी अक्षर एकमजली नसतं. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफारांना भिडू नयेत म्हणून दोन्हींमध्ये थोडी हवा हवी. हे सगळं वजा जाता अक्षराच्या धडाला साडेतीन मिलिमीटर मिळाले तरी खूप.

आता त्यातला 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता' हा एकच शब्द घ्या. 'र्धि'वर वेलांटी आहे आणि तिच्याच टोकाला रफार, म्हणजे साधारण दोन मिलिमीटरच्या पट्टीत दोन कमानी. पुढे 'र्वि'मध्ये पुन्हा तेच. 'ष्णु'मध्ये अर्ध्या 'ष'च्या पोटातली तिरपी रेघ, शेजारी 'ण'चे दोन उभे दांडे, खाली उकार. 'वं'चा अनुस्वार लगेच पुढच्या 'दि'च्या वेलांटीच्या कुशीत शिरतो. रेघ ०.३ मिलिमीटरची घेतली तरी 'ष'च्या पोटाचे जे दोन त्रिकोण होतात त्यांची रुंदी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरपलीकडे जात नाही. आधी जातात हे त्रिकोण. मग कमानींमधली जागा भरते आणि वेलांटी व रफार मिळून एक गुठळी होते. अनुस्वार वेलांटीत मिसळतो. 'ध'ची फट तर मेधाच्या फटीहूनही लहान होती. तिथे 'घ' तयार होतो. खालच्या 'भद्राय' शब्दात 'भ'चा 'म' होतो. वाचणाऱ्याला श्लोक तोंडपाठ असतो म्हणून तो अडखळत नाही, पण कातडीवर प्रत्यक्ष काय उरलंय हे छायाचित्र मोठं करून पाहिलं की कळतं.

यावर उपाय काय? अक्षराचं धड सात-आठ मिलिमीटरचं हवं असेल तर अष्टकोन अकरा-बारा सेंटिमीटरचा होतो. तो हातावर मावत नाही. मावला तरी वळून दोन्ही बाजूंना पळतो आणि समोरून अर्धाच दिसतो. त्याची जागा छातीवर किंवा पाठीच्या वरच्या भागात. हातावरच हवा असेल तर पूर्ण श्लोकाचा हट्ट सोडून जिरेटोपाची बाह्यरेषा किंवा एखादाच शब्द घ्यावा. काहीजण मधला मार्ग म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर कोऱ्या कातडीची अक्षरं काढून घेतात. दिसायला ते शिक्क्यासारखं भारदस्त दिसतं, पण पसरण्याची दिशा तिथे उलटी होते. भोवतालची शाई अक्षरांत घुसते आणि अक्षरंच बारीक होत जातात. पातळ वेलांट्या सर्वांत आधी बुडतात. तसं काढायचं तर अक्षरं नेहमीपेक्षा बरीच जाड हवीत, म्हणजे पुन्हा जागा आलीच.

अक्षरं एकमेकांच्या किती जवळ असावीत, हाही वेगळा प्रश्न आहे. 'श्रावणी' हे नाव लिहून बघा. 'ण'चे दोन उभे दांडे आणि लगेच दीर्घ वेलांटीचा दांडा. तीन समांतर काठ्या. त्यांच्या आधी 'व'चा दांडा, त्याआधी काना. फाँटमध्ये शब्द ठेवल्यावर संगणक ही अंतरं छापील मजकुराच्या हिशोबाने ठरवतो, आणि वर कोणी 'जरा घट्ट करा, देखणं दिसेल' म्हणालं की काठ्यांमधल्या फटी रेघेएवढ्याच उरतात. रेघ दुप्पट झाली की फट शून्यावर येते आणि 'णी'च्या जागी एक काळा ठोकळा उभा राहतो. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यांना दूर सरकवता येतं. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला टांगलेली, त्यामुळे ती दूर नेली तर शब्द विस्कटेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात शिरोरेषा सलग ठेवून खालचे दांडे बरेच लांब नेता येतात आणि शब्द तुटत नाही.

सुलेखनाच्या चाहत्यांना एक कडू गोष्ट ऐकावी लागेल. बोरूने किंवा तिरप्या कापलेल्या टाकाने लिहिलेल्या देवनागरीचं सौंदर्य जाड आणि बारीक रेघांच्या लयीत आहे. कागदावर ती लय शंभर वर्षं टिकते. कातडीवर जाड भाग काळाभोर राहतो, थोडा फुगतो, आणि केसाएवढा जोड फिका पडतो. लय बिघडून अक्षराचे तुकडे झाल्यासारखं दिसतं. सुलेखनच हवं असेल तर आराखड्यातली सर्वांत बारीक रेघ सर्वांत जाड रेघेच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढी तरी असावी आणि अक्षरं मोठी असावीत. लहान नावासाठी एकसारख्या जाडीच्या रेघांचं, मोठ्या पोटांचं वळण जास्त चांगलं. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्ता' हा फाँट त्या जातीचा आहे, मोफत मिळतो, आणि त्याच्या पोकळ्या ऐसपैस आहेत. तो पुस्तकी दिसतो अशी तक्रार होते. होऊ दे.

छपाईच्या जगाने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. मॅथ्यू कार्टर यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीच्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी 'बेल सेंटेनियल' हा टाइप तयार केला. स्वस्त कागद, बारीक अक्षरं, वेगवान छपाई. शाई पसरणार हे उघड होतं. म्हणून कार्टर यांनी जिथे दोन रेघा मिळतात तिथे अक्षरातच खाचा ठेवल्या. मोठ्या आकारात तो टाइप उंदरांनी कुरतडल्यासारखा दिसतो. डिरेक्टरीत शाई त्या खाचांत भरली आणि अक्षर नीट दिसलं. देवनागरी टॅटूसाठीही आराखडा असाच आधीपासून बिघडवून ठेवता येतो. 'ध' आणि 'भ'च्या डोक्यावरची फट पाठ्यपुस्तकापेक्षा दीडपट मोठी करायची. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ दोन्ही टोकांना किंचित आखूड ठेवायची. 'क्ष', 'भ', 'म' यांच्या गाठी भरीव काढायच्या, कारण त्या नाहीतरी भरणारच आहेत. अनुस्वार शिरोरेषेपासून उचलून उंच न्यायचा आणि ठसठशीत करायचा. पहिल्या दिवशी हे थोडं विचित्र दिसतं, हे मान्य.

आजीच्या हातावरचं गोंदण या बाबतीत कितीतरी शहाणं होतं. कपाळावरचा टिंब, हनुवटीवरचे ठिपके, हातावरची तुळस: या नक्षीत ठिपके एकमेकांपासून सुटे असतात, रेघा मोजक्या आणि जाड. पन्नास वर्षांत ठिपका वाटाण्याएवढा झाला तरी तो ठिपकाच राहतो, आणि काळ्याचा हिरवट-निळा झाला तरी नक्षी कळते. कातडीखालच्या कार्बनवरून परतणाऱ्या प्रकाशात निळा भाग जास्त विखुरला जातो, त्यामुळे जुनं गोंदण निळं दिसतं. त्याच पिढीने जत्रेत मशीनवर काढून घेतलेली नावं मात्र आज कित्येक हातांवर नुसती निळी पट्टी झाली आहेत. नवऱ्याचं नाव कोणतं ते आजीला विचारूनच कळतं, आणि ती ते उखाण्याशिवाय सांगेल याची खात्री नाही.

स्टुडिओत खुर्चीवर बसण्याआधी एक चाचणी घरी सहज करता येते. ठरलेला शब्द, ठरलेल्या आकारात, कागदावर छापून घ्यायचा. मोबाइलवर बघून उपयोग नाही, तिथे दोन सेंटिमीटरचा टॅटू पडदाभर दिसतो. मग एक मिलिमीटर टोकाच्या जेल पेनने सगळ्या रेघांवरून सावकाश गिरवायचं आणि कागद भिंतीला लावून दोन पावलं मागे जायचं. शब्द माहीत नसलेल्या माणसाला तो वाचायला सांगायचा. तो अडखळला तर आराखडा बदलायचा, हात नव्हे. हीच चाचणी स्टेन्सिल कातडीवर उमटल्यावर पुन्हा करावी, हात वाकवून आणि सरळ करून, कारण मनगटाच्या घडीवर आलेलं अक्षर हात वाकवला की अर्ध्यावर दुमडतं. आर्टिस्टकडे मागायची एकच गोष्ट असते: कालपरवाच्या कामांऐवजी तीन-चार वर्षं जुन्या अक्षरांचे फोटो. ज्याच्याकडे ते आहेत तो सहसा दाखवायला उत्सुक असतो.

बरं झाल्यावर उरते ती उन्हाची काळजी. अतिनील किरण शाईचा रंग फिका करतात आणि कातडीही सैल करतात. बाहेर पडताना टॅटूवर सनस्क्रीन लावणाऱ्याची रेघ जास्त काळ काळी राहते. तिने पसरणं थांबत नाही.

आणि अक्षर बुजलंच तर? टच-अपने फिकी रेघ गडद करता येते, पण मिटलेली फट उघडता येत नाही. टच-अप म्हणजे शाईत आणखी शाई. कातडीच्या रंगाची शाई फटीत भरून ती उघडण्याचा प्रयत्न काही जण करतात. नवी असताना ती चालून जाते, पुढे गढूळ आणि पिवळट होते. चालणारा एक मार्ग म्हणजे शब्द बाहेरच्या बाजूने वाढवणं: दांडे खाली लांबवायचे, शिरोरेषा वर जाड करायची, मात्रा उंच न्यायच्या, म्हणजे जुनं बुजलेलं धड मोठ्या अक्षराच्या जाड रेघेत जिरून जातं. 'मेधा'च्या बाबतीत 'ध'चं वळण डावीकडे बाहेर ओढून फट नव्याने, कोऱ्या कातडीवर उभी करता येते. आधी लेझरने जुनं काम फिकं केलं तर यासाठी बरीच मोकळीक मिळते. त्यासाठी सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने काही बैठका लागतात, आणि सावळ्या कातडीवर पांढरे डाग पडू नयेत म्हणून १०६४ नॅनोमीटरचा लेझर वापरणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं लागतं. पुरतं पुसण्याची गरज नसते. जुनी रेघ नव्या रेघेखाली लपेल इतकी फिकी झाली की पुरतं, आणि तेवढ्याला बहुधा पूर्ण पुसण्यापेक्षा कमी बैठका लागतात.